विश्लेषण : लोककथा स्लाइडवर, बोध शेवटच्या स्लाइडवर! सिद्धरामाची गोष्ट मुलांना कशी सांगाल?

मकर संक्रांत जवळ आली, की सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरते. सात नंदीध्वज निघतात, ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. याच दिवसांत शाळांच्या आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या गोष्टी स्लाइडच्या रूपात फिरू लागतात. बहुतेकांच्या शेवटी ‘तात्पर्य’ असते. पण ते शेवटी असूनही अनेकदा मुलाला दुसऱ्या स्लाइडवरच कळलेले असते. मग उरलेल्या स्लाइड कशासाठी पाहायच्या? बोध शेवटपर्यंत राखायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे सोलापूरच्याच एका कथेवरून समजून घेऊ.

गोष्ट कोणती?

सिद्धराम आणि मल्लय्या यांची. सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातील शिवशरण, बसवेश्वरांच्या काळातले. त्यांची कन्नड वचने उपलब्ध आहेत. सोलापूरचे जुने नाव सोन्नलगी. त्यांच्या बालपणाची कथा कन्नड कवी राघवांक याच्या ‘सिद्धराम चारित्र’ या काव्यात आली आहे आणि सोलापुरात ती आजही तोंडी सांगितली जाते. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, पण गाभा एकच राहतो.

सिद्धराम हा अबोल मुलगा. गुरे राखायला रानात जातो. तिथे जंगमाच्या वेशात मल्लय्या, म्हणजे श्रीशैलचा मल्लिकार्जुन, येतो आणि खायला मागतो. मुलगा हुरडा देतो. मग पाहुणा दहीभात मागतो. मुलगा घरी जाऊन आईकडून दहीभात घेऊन येतो, तर पाहुणा गायब. त्याला शोधत मुलगा यात्रेकरूंबरोबर थेट श्रीशैलला पोचतो. देवळातले लिंग पाहून ‘हा माझा मल्लय्या नाही’ म्हणतो आणि डोंगरात भटकतो. शेवटी कड्याच्या टोकाशी मल्लय्या भेटतो आणि त्याला गावी परत पाठवतो. परतल्यावर सिद्धराम गावासाठी तळे खोदतो, देवळे बांधतो.

बोध नेमका कोणता?

स्लाइड करायला बसण्याआधी हे ठरवावे लागते आणि इथेच पहिली चूक होते. या गोष्टीतून किमान तीन बोध काढता येतात. पहिला, ‘दारी आलेल्या भुकेल्याला खायला द्यावे’. दुसरा, ‘मनापासून शोधले, तर देव भेटतो’. तिसरा, ‘गावाच्या उपयोगी पडावे’. तिन्ही बरोबर वाटतात. मग शेवटच्या स्लाइडवर कोणता लिहायचा?

यासाठी एक सोपी कसोटी आहे. बोध हातात धरा आणि गोष्ट सुरुवातीपासून वाचत या. ज्या प्रसंगाशी तो बोध पूर्ण होतो, तिथे थांबा. ‘भुकेल्याला द्यावे’ हा बोध हुरडा आणि दहीभातापाशीच पूर्ण होतो. त्यापुढची श्रीशैलची वाट, कडा, परतीचा प्रवास यांची त्याला गरजच नाही. ‘मनापासून शोधले, तर देव भेटतो’ हा बोध कड्यापाशी पूर्ण होतो. पण मल्लय्या भेटल्यानंतरही गोष्ट संपत नाही. मल्लय्या मुलाला जवळ ठेवून घेत नाही, परत पाठवतो. हा सगळ्यात अनपेक्षित प्रसंग आहे आणि तो फक्त तिसऱ्या बोधातच बसतो.

म्हणजे जो बोध शेवटच्या घटनेवाचून कळूच शकत नाही, तोच शेवटच्या स्लाइडचा. बाकीचे दोन खोटे नाहीत, पण ते वाटेतले आहेत. ते मुलाला आपोआप कळतात, लिहावे लागत नाहीत.

‘गावाच्या उपयोगी पडावे’ हे वाक्यही जसेच्या तसे चालणार नाही. ते कोणत्याही गोष्टीखाली चिकटवता येईल. बोधात गोष्टीतले माणूस आणि गोष्टीतला प्रश्न दिसायला हवा. सिद्धरामाचा प्रश्न होता, ‘मल्लय्या कुठे गेला?’ बोधाने त्याचे उत्तर द्यावे.

बारा स्लाइड कशा मांडायच्या?

पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी एका स्लाइडवर एकच घटना आणि दोन-तीन, फार तर चार छोटी वाक्ये पुरतात. पंचवीस शब्दांच्या वर गेलात, की मूल चित्राकडे बघायचे सोडते किंवा वाचायचे सोडते. भाषा बोलण्यातली ठेवावी, कारण बहुतेक वेळा आई, आजी किंवा शिक्षक ती मोठ्याने वाचणार असतात. या हिशेबाने मांडणी अशी होते.

स्लाइड १. चित्र : ज्वारीचे शेत, त्यात लहानशी पायवाट. मजकूर : सिद्धराम आणि मल्लय्या. सोलापूरची एक गोष्ट.

स्लाइड २. चित्र : गुरांमागे चालणारा मुलगा. मजकूर : फार वर्षांपूर्वी सोन्नलगी गावात सिद्धराम नावाचा मुलगा होता. तो फार बोलायचा नाही. लोक म्हणायचे, “हा पुढे काय करणार?”

स्लाइड ३. चित्र : आगटीजवळ बसलेले दोघे. मजकूर : एकदा रानात एक पाहुणा आला. “बाळ, मी मल्लय्या. मला भूक लागलीय.” सिद्धरामाने त्याला गरम गरम हुरडा दिला.

स्लाइड ४. चित्र : घराकडे पळणारा मुलगा. मजकूर : “आता थोडा दहीभात मिळेल का?” “थांबा हं, आईकडून आणतो!” सिद्धराम पळत सुटला.

स्लाइड ५. चित्र : हातात दहीभाताचे भांडे घेतलेला मुलगा, पाठमोरा. मजकूर : दहीभात घेऊन सिद्धराम परत आला. पाहतो तर काय…

स्लाइड ६. चित्र : विझलेली आगटी, रिकामे रान. मजकूर : रानात कुणीच नव्हतं. “मल्लय्या! ओ मल्लय्या!” सिद्धराम हाका मारत राहिला.

स्लाइड ७. चित्र : यात्रेकरूंची रांग. मजकूर : वाटेने यात्रेकरू चालले होते. ते म्हणाले, “मल्लय्या? तो तर श्रीशैलला असतो!” सिद्धराम त्यांच्याबरोबर निघाला.

स्लाइड ८. चित्र : देवळाच्या दारात उभा मुलगा. मजकूर : श्रीशैलच्या देवळात दगडाचं लिंग होतं. “हा माझा मल्लय्या नाही. माझा मल्लय्या बोलतो, हुरडा खातो!” तो पुन्हा शोधायला निघाला.

स्लाइड ९. चित्र : मुलाचा हात धरलेला मोठा हात. मजकूर : शोधता शोधता तो उंच कड्याशी आला. पाय घसरणार, तोच कुणीतरी त्याचा हात घट्ट धरला. मल्लय्या!

स्लाइड १०. चित्र : समोरासमोर दोघे. मजकूर : “आता मी इथेच राहणार, तुमच्याजवळ.” मल्लय्या म्हणाला, “नाही. तू घरी जा. तुझ्या गावात काम आहे.”

स्लाइड ११. चित्र : कुदळ-टोपल्या घेतलेली माणसे, मध्ये पाणी. मजकूर : सिद्धराम परत आला. सांगतात, की गावाला सोबत घेऊन त्याने मोठं तळं खोदलं. ते तळं आजही सोलापुरात आहे.

स्लाइड १२. चित्र : आजचा सिद्धेश्वर तलाव. मजकूर : सिद्धरामाने मल्लय्याला लांब जाऊन शोधलं. पण आपल्या गावाच्या उपयोगी पडलो, की मल्लय्या जवळच असतो.

दुसऱ्या स्लाइडवरचा लोकांचा प्रश्न आणि अकराव्या स्लाइडवरचे तळे यांची जोडी पाहा. ‘हा पुढे काय करणार?’ याचे उत्तर कुणी भाषणात देत नाही, ते चित्रात दिसते. पाचव्या स्लाइडवरचे वाक्य मुद्दाम अर्धे सोडले आहे. स्लाइडचा खरा फायदा हाच. छापील पानावर मुलाची नजर खालच्या ओळीवर आधीच गेलेली असते. इथे पुढचे चित्र यायला बोट सरकवावे लागते, तेवढ्या वेळात मूल अंदाज बांधते. मात्र असा अर्धवट थांबा गोष्टीत एकदा, फार तर दोनदा घ्यावा. प्रत्येक स्लाइडवर ‘आणि मग…’ आले, की त्यातली गंमत जाते.

बोध आधीच फुटतो तो कुठे?

सर्वात जास्त वेळा फाइलच्या नावातून. ‘परोपकाराचे महत्त्व’ या नावाने पीडीएफ आली, तर गोष्ट उघडण्याआधीच निकाल लागला. फाइलचे नाव आणि पहिली स्लाइड यांत फक्त माणसांची किंवा वस्तूंची नावे असावीत.

त्यानंतर विशेषणांतून. ‘दयाळू सिद्धराम’, ‘परोपकारी सिद्धराम’, ‘महान शिवभक्त बाळ’ असे लिहिले, की लेखकाने मुलाच्या वतीने मत बनवून टाकले. वरच्या अकरा स्लाइडमध्ये सिद्धरामाला एकही गुणवाचक विशेषण नाही. तो काय करतो, एवढेच आहे. तपासण्याची रीत सोपी आहे. सगळा मजकूर एकत्र वाचावा आणि नायकाच्या नावामागचा प्रत्येक शब्द खोडून पाहावा. अर्थ अडला नाही, तर तो शब्द नकोच होता.

तिसरी जागा मुखपृष्ठाच्या चित्राची. पहिल्याच स्लाइडवर तलावाचा सुंदर फोटो लावण्याचा मोह होतो, कारण सोलापुरात तो सहज मिळतो. पण तलाव हे गोष्टीचे उत्तर आहे. तो शेवटच्या दोन स्लाइडपर्यंत दिसू नये.

चौथी जागा पडद्याची. वर्गात प्रोजेक्टर लावून पॉवरपॉइंट फाइल नुसती उघडली, तर डाव्या पट्टीत पुढच्या स्लाइडची छोटी चित्रे दिसतात आणि पट्टी खाली सरकवली, की शेवटचीही दिसते. आधी स्लाइड शो सुरू करावा, मगच प्रोजेक्टर जोडावा.

कड्याच्या प्रसंगाचे काय करायचे?

या गोष्टीतली ही खरी अडचण आहे. पारंपरिक कथेत मल्लय्या सापडत नाही म्हणून मुलगा निराश होतो आणि कड्यावरून उडी घ्यायला निघतो. तेव्हा देव प्रकट होतो. मोठ्यांसाठी हा भक्तीचा परमोच्च क्षण आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला मात्र त्यातून वेगळाच अर्थ लागू शकतो : हवे ते मिळाले नाही, तर जीव द्यायला निघावे, मग ते मिळते. शिवाय स्लाइडवर हा प्रसंग चित्रासह येतो आणि चित्र शब्दांपेक्षा जास्त काळ लक्षात राहते.

म्हणून नवव्या स्लाइडवर उडी नाही. शोधता शोधता पाय घसरणार होता, एवढेच आहे. चित्रातही दरी दाखवलेली नाही, फक्त हात दाखवला आहे. यात कथा बदलली का? थोडी बदलली. पण तिचा सांधा तसाच आहे. मुलगा शोधाच्या टोकाला पोचतो आणि तिथे त्याला हात मिळतो. लोककथा सांगताना वयानुसार असे बदल आजी-आजोबा नेहमीच करत आले आहेत. मात्र जो बदल केल्यावर पुढचा प्रसंग लटका पडतो, तो करू नये. कडा पूर्ण काढून मल्लय्या देवळाच्या अंगणातच भेटवला असता, तर शोधाची धडपड दिसलीच नसती आणि दहाव्या स्लाइडवरचे ‘नाही, तू घरी जा’ हे शब्द टोचले नसते. ते थोडे टोचायला हवेत.

बोध पोचला हे कसे ओळखायचे?

अकरावी स्लाइड झाल्यावर थांबा आणि मुलांना एकच प्रश्न विचारा : “मल्लय्याने सिद्धरामाला परत का पाठवलं असेल?” उत्तर बरोबर की चूक, हे सांगू नका. उत्तरांवरून स्लाइडमधला दोष कळतो.

‘त्याने हुरडा दिला म्हणून’ असे उत्तर आले, तर मूल अजून तिसऱ्या-चौथ्या स्लाइडवर आहे. म्हणजे खाण्याची चित्रे फार मोठी किंवा फार आकर्षक झाली आहेत आणि दहावी स्लाइड फिकी पडली आहे. ‘आई वाट बघत असेल म्हणून’ हे उत्तर आले, तर ते चांगले लक्षण आहे. मुलाने घरचा विचार केला, बोधाच्या अगदी जवळ आले. ‘तळं खोदायचं होतं म्हणून’ असे कुणी म्हणाले, तर बारावी स्लाइड त्याला नवीन काही सांगणार नाही, त्याच्याच उत्तराला शब्द देईल. बोध शेवटी ठेवण्याचा हेतू तोच असतो. आणि सगळी मुले गप्प राहिली, तर दहावी स्लाइड पुन्हा दाखवावी. बारावीकडे घाईने जाऊ नये.

बोध नेहमी शेवटीच असावा का?

नाही. पंचतंत्रात रीत उलटी आहे. तिथे आधी नीतीचे वचन येते, ऐकणारा ‘ते कसे?’ असे विचारतो आणि मग गोष्ट सुरू होते. बोध आधी कळूनही रस टिकतो, कारण तिथे उत्सुकता ‘काय झाले’ याची नसून ‘कसे झाले’ याची असते. राजकुमारांना व्यवहार शिकवण्यासाठी ती मांडणी योग्य होती. सिद्धरामाच्या गोष्टीत मात्र सगळी उत्सुकता ‘मल्लय्या कुठे गेला?’ या प्रश्नात आहे. त्यामुळे इथे उत्तर आधी देणे म्हणजे गोष्टच काढून घेणे.

काही कथा एका ओळीच्या बोधात मावतच नाहीत. सिद्धेश्वरांशी लग्न करण्याचा हट्ट धरणाऱ्या कुंभारकन्येची कथा, जिच्यावरून यात्रेत योगदंडाशी विवाहाचा सोहळा होतो, ही त्यांपैकीच. तिच्या शेवटी ‘तात्पर्य’ लिहायला गेले, की काहीतरी ओढूनताणून येते. अशी कथा सणामागची कथा म्हणून सांगावी आणि शेवटची स्लाइड अक्षता सोहळ्याच्या चित्राची ठेवावी.

फोनवर पाठवताना काय सांभाळायचे?

स्लाइड उभ्या ठेवाव्यात. पॉवरपॉइंट किंवा गूगल स्लाइड्समध्ये पानाचा आकार बदलून 9:16 हे प्रमाण घेतले, की फोन आडवा न करता पडद्याची पूर्ण रुंदी भरते. मजकूर वरच्या किंवा खालच्या एक तृतीयांश भागात ठेवावा, उरलेली जागा चित्राला द्यावी.

टंक युनिकोड हवा. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखे मोफत टंक चालतात. जुन्या बिगर-युनिकोड टंकात टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या फोनवर उघडली, की ‘सिद्धराम’च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. युनिकोडमध्येही ‘द्ध’, ‘ल्ल’, ‘श्री’ ही जोडाक्षरे नीट जुळली आहेत ना, हे पाठवण्याआधी एकदा दुसऱ्या फोनवर पाहून घ्यावे.

शेवटी पीडीएफ करूनच पाठवावी. बारा वेगळे फोटो पाठवले, तर क्रम विस्कटू शकतो आणि मूल आधी शेवटच्या फोटोवर बोट ठेवू शकते. पीडीएफ पहिल्या पानापासून उघडते आणि ग्रुपमध्येही पहिल्याच पानाची झलक दिसते.

सोलापुरात अनेक घरांत मराठीबरोबर कन्नड किंवा तेलुगू बोलली जाते. मजकूर कमी आणि चित्र बोलके असले, तर हीच फाइल आजी तिच्या भाषेत सांगू शकते. ‘मल्लय्या’ हे नाव मात्र ‘मल्लिकार्जुन’ असे शुद्ध करू नये. रानात हाक मारायला तेच नाव सोपे आहे आणि सहाव्या स्लाइडवर मुलेही तीच हाक मारतात.